विश्लेषण : रात्रपाळीसाठी घड्याळ कोणते घ्यावे? ‘रेडियम’ची चमक की बॅकलाइट?

घड्याळाच्या दुकानात ‘अंधारात दिसणारे घड्याळ दाखवा’ म्हटले की दोन प्रकारची घड्याळे काउंटरवर येतात. एकात काटे आणि आकडे स्वतःच हिरवट चमकतात. दुसऱ्यात बटण दाबले की डायलमागे दिवा लागतो. दुकानातील झगझगाटात दोन्ही चांगलीच दिसतात. प्रश्न पहाटे चारचा असतो. रुग्णालयातील सिस्टर, गोदामावरील सुरक्षारक्षक, रात्रीचा ट्रकचालक किंवा यार्डातील कामगार यांना त्या वेळी एका नजरेत, मिनिट न चुकता वेळ वाचता येते का, यावर घड्याळाची निवड ठरायला हवी. या दोन तंत्रांत नेमका फरक काय आणि कोणत्या कामाला कोणते सोयीचे, हे समजून घेऊ.

आजच्या घड्याळात खरेच रेडियम असते का?

नाही. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. गाडीच्या नंबरप्लेटवरच्या परावर्तक पट्टीलाही तेच नाव आहे. या नावामागे इतिहास मात्र खरा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळाच्या काट्यांना खरोखरच रेडियममिश्रित रंग लावला जात असे. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे डायल रंगवणाऱ्या तरुण मुली ब्रशचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करत आणि रेडियम त्यांच्या पोटात जाई. त्यातील अनेकींना जबड्याचे आणि हाडांचे गंभीर आजार झाले. त्यांनी कंपनीविरुद्ध दिलेल्या लढ्यात 1928 मध्ये तडजोड झाली. ‘रेडियम गर्ल्स’ म्हणून हे प्रकरण जगभर ओळखले जाते.

पुढे रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. हे द्रव्य किरणोत्सारी असले तरी रेडियमच्या तुलनेत बरेच सौम्य होते. मग 1993 मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटवर आधारित नवे द्रव्य आणले आणि चित्र बदलले. त्यात किरणोत्सार अजिबात नाही. आज बहुतेक घड्याळांवर याच कुळातील रंग असतो. स्वित्झर्लंडमध्ये त्याला ‘सुपर-ल्युमिनोव्हा’ म्हणतात, सेइको त्याला ‘ल्युमीब्राइट’ म्हणते, कॅसिओच्या काही घड्याळांवर ‘निओब्राइट’ असे नाव दिसते. घड्याळप्रेमी या सगळ्याला मिळून ‘ल्यूम’ म्हणतात. या लेखातही तोच शब्द वापरू.

एक सावधगिरी हवी. आजोबांच्या काळातील, तपकिरी पडलेल्या आकड्यांचे जुने घड्याळ घरात असेल आणि ते आता चमकत नसेल, तर त्यातील रेडियम संपले असे समजू नका. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षे आहे. चमक जाते ती त्यासोबतचे झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे. असे घड्याळ घरी उघडू नये, त्याचे आकडे खरवडू नयेत.

ल्यूम नेमके काम कसे करते?

ल्यूमची तुलना पाण्याच्या टाकीशी करता येईल. प्रकाश पडला की टाकी भरते, अंधार झाला की तोटी आपोआप उघडते आणि साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडू लागते. या तोटीवर आपला ताबा नसतो. आपण बघत असू किंवा नसू, टाकी रिकामी होतच राहते.

ती एकसारख्या वेगाने रिकामी होत नाही. टाकी भरलेली असते तेव्हा धार मोठी असते, नंतर ती बारीक होत जाते, पण बराच वेळ पूर्ण थांबत नाही. ढोबळ हिशेब असा की वेळ दहापट झाली की चमक साधारण एक दशांश उरते. म्हणजे अंधार झाल्यावर दहा मिनिटांनी जी चमक आहे तिला 1 धरले, तर शंभर मिनिटांनी ती सुमारे एक दशांश आणि सहा तासांनी सुमारे छत्तिसावा भाग राहते. दुकानदार डायलवर हात आडवा धरून दाखवतो ती चमक पहिल्या काही सेकंदांतील असते. ती पाहून पहाटेचा अंदाज बांधता येत नाही.

टाकी किती भरली, यालाही महत्त्व आहे. सेइकोच्या माहितीपुस्तिकेत म्हटले आहे की 500 लक्सपेक्षा जास्त प्रकाशात सुमारे दहा मिनिटे ठेवल्यास ल्युमीब्राइट तीन ते पाच तास चमकते. लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक आहे. त्याच पुस्तिकेनुसार 40 वॉटच्या ट्यूबलाइटपासून एक मीटरवर सुमारे 1,000 लक्स, तीन मीटरवर 500 आणि चार मीटरवर फक्त 250 लक्स प्रकाश मिळतो. स्वच्छ उन्हात हाच आकडा एक लाखापर्यंत जातो. थोडक्यात, छतावरची ट्यूब लांब असेल तर खोली उजळलेली दिसली तरी टाकी हळूहळूच भरते.

प्रकाशाचा रंगही पाहावा लागतो. ल्यूमला ऊर्जा मिळते ती प्रामुख्याने निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशातून. पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो, त्यामुळे ती चांगली. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तो कमी असतो. सोडियम व्हेपरच्या पिवळ्याजर्द दिव्यांत तर तो जवळपास नसतोच. रेल्वे यार्ड, बंदर किंवा जुन्या कारखान्याचे आवार अशा दिव्यांनी उजळलेले असले तरी तिथे ल्यूम जवळजवळ भरत नाही. ‘रात्रभर दिव्याखाली होतो, तरी घड्याळ चमकले नाही’ अशी तक्रार असेल, तर आधी दिव्याचा रंग पाहावा.

आणि बॅकलाइट?

बॅकलाइटचे गणित सरळ आहे. ऊर्जा घड्याळाच्या सेलमधून येते आणि बटण दाबले तेव्हाच खर्च होते. म्हणून रात्री दहाला आणि पहाटे पाचला प्रकाश सारखाच असतो. दिवसभर घड्याळ बाहीखाली झाकलेले असले तरी फरक पडत नाही.

यात मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला एलईडीचा. 1989 पासून विकले जाणारे आणि आपल्याकडे हातोहात दिसणारे कॅसिओ एफ-91डब्ल्यू हे त्याचे ओळखीचे उदाहरण. त्यात डिस्प्लेच्या डाव्या कडेला एकच छोटा हिरवा एलईडी असतो. त्यामुळे डावीकडचा भाग उजळतो आणि उजवीकडे प्रकाश पातळ होत जातो. नव्या, थोड्या महाग मॉडेलांत एलईडीचा प्रकाश संपूर्ण डिस्प्लेवर पसरवलेला असतो.

दुसरा प्रकार इलेक्ट्रोल्युमिनेसंट पॅनेलचा. टायमेक्सने 1992 मध्ये ‘इंडिग्लो’ नावाने तो लोकप्रिय केला. यात डायलमागचा संपूर्ण पापुद्रा निळसर-हिरवा उजळतो. त्यामुळे काट्यांच्या घड्याळातही सगळी तबकडी एकसारखी दिसते. दिवा लागताना बारीक गुणगुण ऐकू येते. तो बिघाड नाही, पॅनेल उजळवण्यासाठी लागणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे तो आवाज होतो. मात्र हे पॅनेल अनेक वर्षांच्या वापरानंतर मंद होत जाते.

बॅकलाइटच्या मर्यादाही दोन. प्रकाश फार थोडा वेळ टिकतो. कॅसिओच्या अनेक मॉडेलांत दीड सेकंद किंवा तीन सेकंद असे दोनच पर्याय असतात. आणि दुसरी, बहुतेक वेळा बटण दाबायला दुसरा हात मोकळा लागतो. एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा असेल, तर ही छोटी बाब मोठी होते.

मग अंधारात चांगले काय दिसते?

इथे घड्याळापेक्षा डोळ्याचा विचार आधी करावा लागतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याला पूर्ण सरावायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. सरावलेला डोळा इतका संवेदनशील होतो की ल्यूमची छत्तिसाव्या भागाची चमकही त्याला दिसू शकते. पण उजेडातून नुकत्याच आलेल्या माणसाला तेच घड्याळ काळेठिक्कर दिसते. म्हणून ‘पहाटेपर्यंत दिसते’ म्हणणारा आणि ‘तासाभरात गेले’ म्हणणारा, दोघेही खरे बोलत असू शकतात. घड्याळ एकच असते, डोळ्यांची स्थिती वेगळी असते.

दुसरी गोष्ट, मंद प्रकाशात आपल्याला बारीक तपशील दिसत नाहीत. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातील पेशी प्रकाश टिपण्यात तरबेज असतात, पण अक्षरे वाचण्यात कच्च्या. शिवाय नजरेच्या अगदी मध्यभागी त्या नसतातच. म्हणून मंद ल्यूमकडे थेट रोखून पाहण्याऐवजी किंचित बाजूला नजर ठेवली तर ते अधिक स्पष्ट दिसते. याचा खरेदीशी थेट संबंध आहे. ल्यूमच्या घड्याळात बारीक चमकणारे आकडे उपयोगाचे नाहीत. जाड काटे आणि ठसठशीत खुणा हव्यात.

त्यातही दोन बाबी तपासाव्यात. तासकाटा आणि मिनिटकाटा अंधारात वेगळे ओळखू यायला हवेत. एक आखूड व रुंद आणि दुसरा लांब व निमुळता असेल तर घोटाळा होत नाही. बाराची खूण बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आकाराची हवी, उदाहरणार्थ त्रिकोण किंवा दुहेरी पट्टी. बाराही ठिकाणी सारखेच ठिपके असतील तर झोपेच्या अंमलात मनगट थोडे तिरके धरले तरी वर कोणते आणि खाली कोणते हेच कळत नाही.

मोबाइल असताना घड्याळ कशाला?

मोबाइलचा स्क्रीन सरावलेल्या डोळ्यांचा सराव मोडतो. वेळ बघण्यासाठी दोन सेकंद उजळलेला स्क्रीन पाहिला की आसपासचा अंधार अधिकच गडद वाटतो आणि तो पुन्हा उकलायला कित्येक मिनिटे जातात. रक्षकासाठी किंवा यार्डात रुळांवरून चालणाऱ्यासाठी ही मिनिटे धोक्याची. अनेक कारखान्यांत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, हा भाग वेगळाच. तुलनेत घड्याळाचा बॅकलाइट छोटा आणि मंद असतो, तर ल्यूममुळे डोळ्यांना काहीच त्रास होत नाही.

उदाहरण पहिले : गोदामावरील रक्षक

समजा, एका रक्षकाची पाळी रात्री दहा ते सकाळी सहा आहे. दर तासाला फेरी मारून नोंदवहीत वेळ लिहायची. त्याने ल्यूमचे घड्याळ घेतले आहे. दहा वाजता केबिनच्या ट्यूबखाली, टेबलावर हात ठेवून तो दहा मिनिटे रजिस्टर भरतो. टाकी बऱ्यापैकी भरली.

साडेदहाला तो बाहेर पडतो तेव्हा घड्याळ लख्ख दिसते. बाराच्या फेरीला चमक बरीच उतरलेली असते, पण डोळे सरावलेले असल्याने वेळ वाचता येते. आता थंडी वाढते, स्वेटर चढतो आणि घड्याळ बाहीखाली जाते. मध्ये केबिनमध्ये परतला तरी डायलवर प्रकाश पडत नाही. दोनच्या आणि चारच्या फेरीला तो बाही सरकवतो तेव्हा दहाला भरलेली टाकीच वापरात असते. चारपर्यंत माहितीपुस्तिकेतील तीन ते पाच तासांची मुदत उलटून गेलेली असते. त्यात केबिनच्या उजेडातून तो थेट बाहेर आलेला असतो, म्हणजे डोळेही सरावलेले नसतात. नेमक्या याच वेळी घड्याळ दिसत नाही.

यावर उपाय सोपा आहे. पांढरी एलईडी टॉर्च डायलवर अगदी जवळ धरून अर्धा-एक मिनिट प्रकाश द्यायचा. एवढ्या जवळून मिळणारा प्रकाश केबिनमधील ट्यूबच्या कैकपट असतो आणि पुढच्या फेरीपुरती टाकी भरते. प्रत्येक फेरीला निघण्यापूर्वी ही सवय लावली तर ल्यूमचे घड्याळ रात्रभर साथ देते. सवय लागत नसेल, किंवा हातमोजे-बाहीमुळे घड्याळ सतत झाकलेलेच राहत असेल, तर या रक्षकाने बॅकलाइटचे डिजिटल घड्याळ घेणे बरे. नोंदवहीत मिनिटांसकट वेळ लिहायची असल्याने आकड्यांत थेट ‘04:07’ दिसणेही सोयीचे पडते.

उदाहरण दुसरे : वॉर्डातील सिस्टर

आता रुग्णालय. वॉर्डाचे दिवे मंद केलेले आहेत, नर्सिंग स्टेशनवर मात्र पांढरा उजेड आहे. सिस्टर दर थोड्या वेळाने उजेडातून अंधारात आणि परत अशा ये-जा करतात. इथे ल्यूमची परिस्थिती रक्षकाच्या अगदी उलटी. बाही कोपराच्या वर असल्याने स्टेशनवर बसल्या बसल्या टाकी भरत राहते. अंधारात पाऊल टाकल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे चमक सर्वाधिक असते, आणि तेवढ्याच वेळात काम उरकते. डोळे सरावलेले नसले तरी ताजी चमक त्यांना पुरते.

आणखी महत्त्वाचा मुद्दा सेकंदांचा आहे. झोपलेल्या रुग्णाला न उठवता मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायची, तर तीस सेकंद सलग सेकंदकाटा दिसावा लागतो. एक हात रुग्णाच्या मनगटावर आहे, दुसऱ्या हातात घड्याळ आहे. बॅकलाइटचे बटण दाबायचे कोणत्या हाताने? आणि दाबले तरी तीन सेकंदांत दिवा विझणार. मग बाकीचे सेकंद अंदाजाने धरले जातात.

अंदाज किती महागात पडतो ते पाहा. तीस सेकंदांत 36 ठोके म्हणजे मिनिटाला 72. पण तीसऐवजी तेहेतीस सेकंद मोजले गेले, तर ठोके भरतील जवळपास 40 आणि चार्टवर नोंद होईल 80. तीन सेकंदांच्या चुकीने आठ ठोक्यांचा फरक पडला. ठोके अनियमित असतील किंवा तान्ह्या बाळाचे श्वास मोजायचे असतील, तर पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. तिथे तीन सेकंदांचा दिवा कुठेच पुरत नाही.

म्हणून या कामासाठी सेकंदकाट्यावरही ल्यूम असलेले घड्याळ शोधावे. अनेक स्वस्त घड्याळांत तास व मिनिटकाटा चमकतो आणि सेकंदकाटा कोरा असतो. ही त्रुटी उजेडात लक्षात येत नाही. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी असलेल्या आयएसओ 6425 या मानकात अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणे आणि घड्याळ चालू असल्याचे दिसणे आवश्यक मानले आहे. त्यामुळे अशा घड्याळांच्या सेकंदकाट्यावर सहसा चमकणारा ठिपका असतो. मूळ डायव्हर घड्याळ महाग वाटले तरी हरकत नाही, त्या धाटणीच्या स्वस्त घड्याळांतही हा ठिपका आहे का ते पाहावे.

संसर्ग टाळण्यासाठी काही विभागांत मनगटी घड्याळ चालत नाही. तिथे गणवेशाला टाचायचे, उलटे लटकणारे घड्याळ वापरले जाते. ते खिशाच्या आत न ठेवता बाहेरच राहील असे पाहावे. खिशात गेले की टाकी भरायची थांबते.

सेल किती टिकेल?

बॅकलाइट घेताना हा प्रश्न हमखास विसरला जातो. पाकिटावर सात किंवा दहा वर्षे लिहिलेली असतात, पण तो हिशेब दिवसातून जेमतेम एकदा दिवा लावणाऱ्याचा असतो. रात्रपाळीचा माणूस एका रात्रीत तीस वेळा बटण दाबू शकतो.

एक गणित मांडू. साध्या डिजिटल घड्याळातील सीआर2016 सेलची क्षमता साधारण 90 मिलिअँपिअर-तास असते. तो सात वर्षे चालतो असे धरले, तर नुसत्या चालण्याला वर्षाला सुमारे 13 मिलिअँपिअर-तास लागतात. आता दिवा 5 मिलिअँपिअर खातो असे गृहीत धरू (मॉडेलनुसार हा आकडा बदलेल). रोज तीस वेळा, प्रत्येकी तीन सेकंद म्हणजे दिवसाला दीड मिनिट. वर्षाचा खर्च होतो सुमारे 45 मिलिअँपिअर-तास. दोन्ही मिळून 58. म्हणजे सात वर्षांचा सेल दीड वर्षाच्या आसपास संपेल.

यात घाबरण्यासारखे काही नाही, हा सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. मात्र सेल उतरू लागल्याची खूण ओळखता यायला हवी. दिवा लावताच आकडे फिके पडतात किंवा डिस्प्ले क्षणभर कोरा होतो. तसे दिसले की सेल बदलण्याची वेळ झाली. उन्हावर चार्ज होणाऱ्या सोलर घड्याळात सेल बदलण्याचा त्रास नाही, पण दिवसा झोपणाऱ्याचे घड्याळ अंधाऱ्या खोलीत पडून राहते. ते खिडकीत ठेवण्याची सवय लागते. हीच सवय ल्यूमलाही लाभते.

मनगट वळवताच लागणारा दिवा उपयोगी आहे का?

काही घड्याळांत ‘ऑटो लाइट’ असतो. मनगट स्वतःकडे साधारण 40 अंशांत कलवले की दिवा आपोआप लागतो. हात अडकलेल्या माणसाला हे वरदान वाटते, पण हातवारे करताना तो नको तेव्हाही लागतो आणि सेल खातो. वाहन चालवताना तो बंद ठेवावा, अशी सूचना खुद्द कॅसिओच्या माहितीपुस्तिकेत आहे, कारण अचानक उजळलेला दिवा लक्ष विचलित करतो. रात्रीच्या चालकाने म्हणूनच काटे जाड असलेले ल्यूमचे घड्याळ बरे. हात स्टिअरिंगवरच राहतो आणि नजर क्षणभर खाली जाऊन परत रस्त्यावर येते.

डिजिटल घेणार असाल तर आणखी एक पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकडे दिसणारे डिस्प्ले देखणे असतात, पण मंद उजेडात, म्हणजे दिवा लावण्याइतका अंधार नाही आणि वाचण्याइतका उजेडही नाही अशा वेळी, ते फिके पडतात. फिक्या पार्श्वभूमीवर काळे आकडे केव्हाही वाचायला सोपे.

दोन्ही एकत्र मिळतात का?

हो. काटे आणि ल्यूम असलेल्या काही घड्याळांत छोटा एलईडीही असतो. काट्यांसोबत डिजिटल डिस्प्ले असलेल्या घड्याळांत ही जोडी अनेकदा सापडते. नेहमीच्या नजरेसाठी ल्यूम आणि पहाटे हमखास वाचण्यासाठी बटण, अशी ती सोय होते. मात्र अशा घड्याळांत काटे कधी कधी डिजिटल आकड्यांवरच येऊन बसतात. सव्वातीन किंवा साडेसहाला आकडे झाकले जात नाहीत ना, ते काटे फिरवून पाहावे.

तिसराही एक मार्ग आहे. ट्रिटियम वायू भरलेल्या बारीक काचनळ्या काट्यांवर बसवलेली घड्याळे प्रकाश न मिळताही वर्षानुवर्षे एकसारखी चमकतात. ट्रिटियमचे अर्धायुष्य 12.3 वर्षे असल्याने साधारण बारा वर्षांनी चमक निम्मी होते. ती ताज्या ल्यूमपेक्षा मंद, पण पहाटेच्या ल्यूमपेक्षा सरस असते. किंमत मात्र साध्या घड्याळाच्या कैकपट, त्यामुळे बहुतेकांसाठी हा पर्याय व्यवहार्य नाही.

खरेदीपूर्वी तपासायचे कसे?

दुकानात ल्यूमची खरी परीक्षा होत नाही, कारण काउंटरवरील दिव्यांनी टाकी काठोकाठ भरलेली असते. शक्य असल्यास घड्याळ बंद डब्यात अर्धा तास ठेवायला सांगा आणि मग अंधाऱ्या कोपऱ्यात पाहा. ऑनलाइन घेतले असेल तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घरीच चाचणी करा. रात्री दहाला ट्यूबखाली दहा मिनिटे ठेवा, मग खोली अंधारी करून घड्याळ उशाशी ठेवा. पहाटे चारचा गजर लावा. जाग आल्यावर दिवा किंवा मोबाइल न पाहता आधी घड्याळ पाहा. त्या वेळी डोळे पूर्ण सरावलेले असतात, म्हणजे ल्यूमला सर्वांत अनुकूल स्थिती हीच. इथे वेळ वाचता आली नाही, तर कामावर ती वाचता येणे शक्य नाही. वाचता आली, तर दुसऱ्या रात्री खोलीचा दिवा एक मिनिट लावून, घड्याळ मात्र उशीखाली झाकून, पुन्हा पाहा. उजेडातून अंधारात येणाऱ्याला काय दिसते ते त्यातून कळेल.

बॅकलाइटची चाचणी एका मिनिटाची आहे. हात नेहमीच्या अंतरावर, साधारण कोपरातून वाकवून धरा. चाळिशी लागली असेल तर चष्मा काढून पाहा, कारण फेरीवर प्रत्येक जण वाचायचा चष्मा लावून फिरत नाही. बटण डोळे मिटून आणि हातमोजा घालून सापडते का, दिवा लागल्यावर उजव्या कडेचे मिनिटांचे आकडेही तितकेच स्पष्ट दिसतात का आणि दिवा विझण्यापूर्वी वेळ पूर्ण वाचून होते का, एवढे तपासले की पुरे. तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर ते घड्याळ पहाटे चारलाही तसेच दिसेल.